ड्रॉइंगवरचे संक्षेप अडले: काम सुरू करण्याआधी कंपनीला पाठवायच्या ईमेलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या भागांतल्या अनेक कारखान्यांकडे परदेशी ग्राहकांची इंग्रजी ड्रॉइंग येतात. त्यांवरून ऑपरेटरसाठी मराठीत कामाच्या सूचना आणि तपासणीचे तक्ते करून द्यायचं काम अनुवादकाकडे येतं. अडचण बहुतेक वेळा वाक्यांची नसते, दोन-तीन अक्षरांच्या संक्षेपांची असते. असे संक्षेप अडले की काम हातात घेण्याआधी कंपनीला काय आणि कसं विचारावं, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

संक्षेपांच्या याद्या सहज मिळतात. मग कंपनीला त्रास कशाला द्यायचा?

याद्यांमधून संक्षेपाचे सगळे संभाव्य अर्थ मिळतात. या शीटवर, या जागी त्यातला कोणता, हे यादी सांगत नाही. एकाच शीटवरच्या या तीन ओळी पाहा:

```
MATL: CRS 3 THK
4 HOLES DIA 9 ON 65 CRS
FINISH: ZN PL 8 MICRON
```

दुसऱ्या ओळीतला CRS म्हणजे केंद्रांमधलं अंतर. भोकांची केंद्रं एकमेकांपासून ६५ मिलिमीटरवर आहेत. ही ब्रिटिश पद्धत आहे आणि आपल्याकडच्या ड्रॉइंगमध्येही ती रुळलेली आहे. पहिल्या ओळीतला CRS मात्र मटेरियलच्या रकान्यात आहे. तिथे तो कोल्ड रोल्ड स्टील असू शकतो किंवा गंज न लागणारं, म्हणजे स्टेनलेस जातीचं स्टील असू शकतो. अमेरिकन मानकात दुसऱ्या अर्थासाठी CRES असं लिहितात, पण प्रत्येक ड्राफ्ट्समन ते पाळतोच असं नाही.

अशा वेळी कंपनीला नुसतं 'CRS म्हणजे काय?' असं विचारलं, तर तिकडचा माणूस 'सेंटर्स' असं एका शब्दात कळवून मोकळा होतो. त्याचं उत्तर बरोबरच असतं, पण ते दुसऱ्या ओळीचं असतं. आपण तेच पहिल्या ओळीला लावलं की मटेरियलची सूचना निरर्थक होते. म्हणून संक्षेपाचा अर्थ न विचारता त्या जागेचा अर्थ विचारायचा.

मग अडलेला प्रत्येक संक्षेप विचारायचा का?

नाही. तीस प्रश्नांचा ईमेल डिझाईन विभागात कुणी उघडत नाही, आणि उघडला तरी उत्तरं घाईत दिली जातात. आधी ड्रॉइंगलाच विचारून पाहायचं. वरच्या उदाहरणात तिसरी ओळ पुरावा देते: ८ मायक्रॉन झिंक प्लेटिंग. स्टेनलेसवर सहसा झिंक चढवत नाहीत, त्याला गंजापासून वाचवायची गरजच नसते. म्हणजे या शीटवरचा CRS कोल्ड रोल्ड आहे आणि प्रश्न इथेच मिटतो. (त्याच ओळीतला PL प्लेटिंगचा आहे. फॅब्रिकेशनच्या ड्रॉइंगवर PL 6 म्हणजे ६ मिलिमीटरची प्लेट, आणि 6 PL म्हणजे सहा ठिकाणी. आकडा आधी आहे की नंतर, यावरूनच हे कळतं.)

कधी साधं गणित केलं तरी काम भागतं. गिअरच्या तक्त्यात हे आहे:

```
DP 10
TEETH 30
OD 81.28
```

DP म्हणजे खोलीही होते आणि डायमेट्रल पिचही, म्हणजे व्यासाच्या दर इंचामागे किती दात ते. नेहमीच्या पूर्ण उंचीच्या दातांच्या सरळ गिअरसाठी दातांच्या संख्येत २ मिळवायचे, त्याला डायमेट्रल पिचने भागायचं, म्हणजे बाहेरचा व्यास इंचात येतो. इथे ३२ भागिले १० म्हणजे ३.२ इंच, मिलिमीटरमध्ये ८१.२८. ड्रॉइंगवरचा आकडा तंतोतंत जुळला. आता हा प्रश्न कंपनीकडे न्यायचं कारण उरलं नाही.

चाळणी साधी आहे. शीटवरचाच दुसरा आकडा, पार्ट लिस्ट, फिनिशचा रकाना किंवा शेजारचं शीट यांपैकी कशानेही एक अर्थ बाद होत असेल, तर तो संक्षेप 'गृहीत धरलेल्या अर्थांच्या' यादीत टाका. कशानेच बाद होत नसेल आणि अर्थ बदलल्यावर ऑपरेटरचं काम बदलत असेल, तर विचारा. अर्थ बदलूनही काम बदलत नसेल तर तेही विचारू नका.

असा ईमेल प्रत्यक्षात कसा दिसतो?

समजा १८ शीटचा गिअरबॉक्सचा संच आहे आणि चाळणीनंतर तीनच प्रश्न उरले आहेत. ईमेल साधारण असा जाईल:

> विषय: गिअरबॉक्स ड्रॉइंग संच, रिव्हिजन सी: मराठी कामाला हात लावण्याआधी ३ खुलासे हवेत (शीट ७, ११, १२)
>
> माननीय साहेब,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> आपण पाठवलेली १८ शीट पाहिली. १५ शीटवर काही शंका नाही. उरलेल्या तीन शीटवर प्रत्येकी एक संक्षेप असा आहे की त्याचे दोन अर्थ निघतात आणि त्यानुसार ऑपरेटरच्या सूचना बदलतात. प्रश्न खाली दिले आहेत. प्रत्येकापुढे फक्त 'अ' किंवा 'ब' लिहिलंत तरी पुरेल.
>
> १) शीट ७, कव्हर, मटेरियलचा रकाना: CRS 2 THK
> अ) कोल्ड रोल्ड स्टील ब) स्टेनलेस जातीचं स्टील
> आमचा अंदाज: अ, कारण शीट ४ वरच्या ब्रॅकेटला हेच मटेरियल असून त्यावर झिंक प्लेटिंग आहे. पण शीट ७ वर फिनिशचा रकाना कोरा आहे, म्हणून खात्री होत नाही. 'अ' असेल तर साठवणुकीच्या सूचनेत गंजरोधक तेल लावण्याची पायरी येईल.
>
> २) शीट ११, हाऊसिंग, खालची बाजू: 4 HOLES M6 DP 15
> अ) पूर्ण आटे १५ मिमी खोलीपर्यंत; ड्रिल त्याहून खोल ब) ड्रिलचीच खोली १५ मिमी
> आमचा अंदाज: काही नाही. 'अ' असल्यास ड्रिलची कमाल खोलीही कळवावी. त्या जागी भिंत २२ मिमी दिसते.
>
> ३) शीट १२, शाफ्ट: R2 TYP
> अ) बेअरिंग बसतं त्या खांद्याचा कोपरा वगळून बाकी कोपऱ्यांना ब) सर्व कोपऱ्यांना
> आमचा अंदाज: अ. पार्ट लिस्टमध्ये बेअरिंग ६२०५ आहे. 'अ' असल्यास खांद्याच्या कोपऱ्याची त्रिज्या कळवावी.
>
> तिन्ही जागांची चित्रं आणि आम्ही गृहीत धरलेल्या इतर संक्षेपांची यादी सोबत आहे. यादी मंजूर असेल तर 'यादी मान्य' एवढं लिहावं, चूक असेल तर त्याच ओळीत दुरुस्ती करावी.
>
> उत्तर गुरुवार संध्याकाळपर्यंत आल्यास ठरलेली तारीख पाळता येईल. तोवर उरलेल्या १५ शीटचं काम सुरू करायला आपली हरकत नसेल, तर तसंही कळवावं.
>
> कळावे,
> आपला,
> (नाव, मोबाईल)

दोन गोष्टी मुद्दाम आहेत. दुसऱ्या प्रश्नात अंदाज दिलेला नाही, कारण तिथे पुरावाच नाही. पुरावा नसताना अंदाज दिला की समोरचा माणूस बघायच्या आधीच 'हो' म्हणतो. आणि शीट क्रमांक विषयाच्या ओळीतच आहेत, म्हणजे साहेबांनी ईमेल पुढे पाठवला तर तो बरोबर माणसाकडे जातो.

दुसरा प्रश्न इतका ताणायचं काय कारण? 'खोली १५' लिहून मोकळं होता येत नाही का?

संक्षेप तिथे स्पष्ट आहे, DP म्हणजे खोलीच. कशाची खोली, हे स्पष्ट नाही. 'खोली १५' असं लिहिलं तर ड्रॉइंगमधली संदिग्धता मराठीत जशीच्या तशी उतरते, आणि फरक एवढाच पडतो की आता ती आपल्या नावावर आहे.

मशीनवर काय होतं ते पाहा. एम ६ ला पिच १ मिलिमीटर, ड्रिल ५ मिलिमीटरचं. सेकंड टॅपच्या टोकाला ३ ते ५ आटे निमुळते असतात, ते पूर्ण आटा पाडत नाहीत. त्यामुळे १५ मिलिमीटर पूर्ण आटे हवे असतील तर ड्रिल १९-२० पर्यंत न्यावं लागतं. ऑपरेटरने ड्रिल १५ वरच थांबवलं आणि टॅपही १५ पर्यंत न्यायला गेला, तर टॅप तळाला टेकून भोकातच तुटतो. नाही तुटला तरी पूर्ण आटे १०-१२ मिलिमीटरवरच संपतात आणि लांब बोल्ट मुंडी टेकण्याआधीच अडतो.

उलट बाजूही आहे. सूचनेत ड्रिल २० लिहिलं, तर ड्रिलचं टोकदार तोंड त्यापुढे आणखी जातं. ११८ अंशांच्या ५ मिलिमीटर ड्रिलचं टोक साधारण दीड मिलिमीटर लांब असतं. म्हणजे टोक २१.५ वर पोचलं, आणि भिंत २२ ची. मागे अर्धा मिलिमीटर धातू उरतो. ओतकामात भिंत थोडी जरी पातळ निघाली तरी भोक आरपार जाऊन हाऊसिंगमधून तेल गळायला लागेल. म्हणून ईमेलमध्ये भिंतीच्या जाडीचा उल्लेख आहे. तो वाचून डिझाईनवाला 'अ' किंवा 'ब' टिक करायच्या आधी ड्रॉइंग उघडतो, आणि आपल्याला तेच हवं असतं.

TYP आणि REF तर सगळ्यांनाच माहीत असतात. त्यांत विचारण्यासारखं काय?

TYP लिहिलं की 'अशा सगळ्या जागी हेच माप' असा अर्थ होतो. 'अशा' म्हणजे कोणत्या, हे ड्राफ्ट्समनच्या डोक्यात असतं. शाफ्टवर सहा आतले कोपरे आहेत, त्यातला एक बेअरिंगच्या खांद्याचा. ६२०५ बेअरिंगच्या कडेची त्रिज्या किमान १ मिलिमीटर असते, म्हणून शाफ्टच्या त्या कोपऱ्याची त्रिज्या १ पेक्षा जास्त चालत नाही. तिथे २ ची त्रिज्या ठेवली तर बेअरिंग खांद्याला टेकतच नाही, कोपऱ्यावर चढून बसतं. मराठी सूचनेत 'सर्व कोपरे आर २' असं लिहून गेलं, तर चूक थेट असेंब्लीत सापडते, तीही शाफ्ट हार्डन होऊन ग्राइंडिंग झाल्यावर.

REF चा घोळ तपासणीच्या तक्त्यात होतो. REF लिहिलेलं माप माहितीसाठी असतं, त्यावरून जॉब पास-नापास करायचा नसतो. ४०, ३५ आणि ४५ अशी तीन मापं ओळीने दिली आहेत आणि वर एकूण लांबी 120 REF लिहिली आहे, असं समजू. टायटल ब्लॉकमध्ये आयएसओ २७६८ मध्यम वर्ग असेल, तर ३० ते १२० मिलिमीटरच्या मापाला ±०.३ सूट मिळते. तिन्ही मापं आपापल्या मर्यादेत असूनही एकूण लांबी ०.९ ने इकडे-तिकडे जाऊ शकते. तक्त्यात '१२० संदर्भ' असं लिहिलं, आणि पुढच्या रकान्यात कुणी सवयीने ±०.३ भरलं, की चांगले जॉब रिजेक्टच्या पेटीत जातात. इथे विचारायचं ते इतकंच: REF असलेली मापं तपासणी तक्त्यात ठेवायची की वगळायची? कंपन्यांची पद्धत वेगवेगळी असते. ठेवायची असतील तर पुढे 'तपासू नये, फक्त माहितीसाठी' असं स्पष्ट लिहा.

सोबत काय जोडावं?

प्रत्येक प्रश्नासाठी ड्रॉइंगचा तेवढाच तुकडा कापून, संक्षेपाभोवती लाल चौकट करून. तुकड्यात शेजारची मापं दिसली पाहिजेत. नुसता संक्षेप कापून पाठवला तर पाहणाऱ्याला मूळ फाइल शोधावी लागते. गृहीत धरलेल्या अर्थांची यादी एक्सेलमध्ये द्या. त्यात संक्षेप, शीट क्रमांक, आपण धरलेला अर्थ आणि मराठी मजकुरात वापरणार तो शब्द असे चार रकाने करा आणि दुरुस्तीसाठी पाचवा कोरा ठेवा. एकाच संक्षेपाचे दोन अर्थ असतील तर दोन ओळी करा.

ईमेल मराठीत लिहायचा की इंग्रजीत?

कंपनीतल्या माणसाशी बोलणं मराठीत होत असेल तर मराठीत. मात्र प्रश्न परदेशी ग्राहकाकडे जाण्याची शक्यता असते. मटेरियलचा प्रश्न हमखास जातो. अशा वेळी तेवढे प्रश्न इंग्रजीतही जोडून ठेवा, नाहीतर मधला माणूस ते आपल्या शब्दांत उतरवतो आणि दोन पर्यायांतला एक वाटेतच गळतो.

पाठवायचा कोणाला? ऑर्डर तर पर्चेसने दिली आहे.

पर्चेसला 'टू' मध्ये ठेवा आणि 'डिझाईन किंवा प्रॉडक्शन इंजिनिअरिंगमधल्या संबंधितांकडे द्यावा' असं पहिल्या ओळीत लिहा. नाव माहीत असेल तर त्यांनाही जोडा. पर्चेसला वगळून थेट डिझाईनला लिहिलं तर तारीख पुढे गेल्यावर ती का गेली, हे पर्चेसला माहीत नसतं, आणि बिलही त्यांच्याकडूनच निघायचं असतं. सुपरवायझरला विचारण्यात काही गैर नाही. टूल रूममध्ये मुरलेला माणूस DP चं उत्तर डिझाईनपेक्षा लवकर देतो. पण मटेरियल आणि मर्यादा यांवर लेखी होकार डिझाईनचाच घ्या. आणि एमआयडीसीत सगळ्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं धरून मुदत देऊ नका, आधी विचारा.

उत्तर आलंच नाही तर?

एक आठवण लेखी, एक फोन. तरीही नाही आलं तर अंदाजाने अर्थ भरू नका. त्या जागी संक्षेप मूळ रूपात ठेवा, पुढे 'खुलासा प्रलंबित, प्रश्न क्र. २' असं लिहा आणि ती शीट वेगळ्या फाइलमध्ये द्या. सगळ्या शीट एकत्र दिल्या तर ती टीप प्रिंटआउटमध्ये कुणाच्या नजरेला पडत नाही. जोखीम कमी असेल, म्हणजे अर्थ कुठलाही निघाला तरी कापकामावर परिणाम नसेल, तर आपला अर्थ लिहून द्यायला हरकत नाही.

साहेबांनी फोनवरच सांगितलं. पुरेसं आहे का?

काम सुरू करायला पुरेसं, पण फोन ठेवल्यावर लगेच त्याच ईमेलला उत्तर द्या: 'आताच्या बोलण्यानुसार प्रश्न १ अ, प्रश्न २ अ आणि ड्रिल कमाल १८.५, प्रश्न ३ अ आणि खांद्याला ०.६. यात फरक असल्यास कळवावं.' आकडे फोनवर ऐकताना फसतात. 'साडेअठरा' आणि 'अठरा' यांत गल्लत झाली तर ती इथेच पकडली जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं उत्तरही असंच ईमेलमध्ये उतरवून घ्या.

या उदाहरणात १८.५ हा आकडा आला की आपल्यालाही एक गोष्ट दिसायला हवी. १५ नंतर टॅपच्या निमुळत्या आट्यांना साडेतीन मिलिमीटरच उरतात. चार-पाच आटे निमुळते असलेला सेकंड टॅप तिथे पुरणार नाही, शेवटचा टॅप लागेल. त्याच्या टोकाला एक-दोनच आटे निमुळते असतात. सूचनेत कोणता टॅप लिहायचा, ते त्याच उत्तरात विचारून घ्या.

अनुवादकांच्या ग्रुपवर ड्रॉइंगचा फोटो टाकून विचारलं तर लवकर उत्तर मिळतं. चालेल का?

नाही. टायटल ब्लॉक कापला तरी पार्टचा आकार आणि मापं ग्राहकाचीच असतात, आणि बहुतेक कंपन्यांच्या गोपनीयतेच्या करारात तेही येतं. विचारायचंच असेल तर आकडे बदलून, चित्राशिवाय नुसती ओळ लिहा.

स्कॅन पुसट आहे, 3 की 8 तेही कळत नाही. हाही याच ईमेलमध्ये घालू का?

वेगळा ठेवा. न वाचता येणाऱ्या जागांसाठी मूळ पीडीएफ किंवा कॅड फाइलमधून नवी प्रिंट मागा, अर्थ विचारू नका. बऱ्याचदा नवी प्रिंट आली की चार-पाच 'संक्षेप' आपोआप नाहीसे होतात, ते घडीच्या रेघेखाली गेलेले पूर्ण शब्द असतात. म्हणून ही मागणी संक्षेपांच्या ईमेलच्या आधी जायला हवी.

अर्थ कळल्यावर मराठी सूचनेत संक्षेप ठेवायचा की नाही?

ऑपरेटरच्या हातात सूचना आणि ड्रॉइंग दोन्ही असतात. त्याला एकावरून दुसऱ्यावर जाता आलं पाहिजे. म्हणून ड्रॉइंगवरची ओळ जशीच्या तशी आणि तिच्यापुढे मराठी: 'M6 DP 15: एम ६ चे पूर्ण आटे १५ मिमी खोलीपर्यंत, ड्रिल ५ मिमी, खोली १८.५ पेक्षा जास्त नाही.' टॅप, ड्रिल, चॅम्फर, बोअर हे शब्द तसेच ठेवा. शॉप फ्लोअरवर तेच बोलले जातात, आणि आयटीआयमधून आलेल्या मुलालाही तेच शिकवलेले असतात.

खुलासे मिळाले, काम अर्धं झालं आणि ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली. जुनी उत्तरं धरायची का?

नव्या रिव्हिजनच्या तक्त्यात काय बदललं ते आधी पाहा. प्रश्नाची जागा बदललेली नसेल तर जुनं उत्तर लागू राहतं, पण ते 'रिव्हिजन सी वर मिळालेलं उत्तर, डी ला लागू धरलं आहे' असं एका ओळीत कळवा. जागा बदलली असेल तर प्रश्न नव्याने विचारा, जुना क्रमांक तसाच ठेवून पुढे 'डी' जोडा. कधी कधी आपल्याच प्रश्नामुळे कंपनी ड्रॉइंग दुरुस्त करते आणि M6 DP 15 च्या जागी आट्यांची आणि ड्रिलची खोली वेगवेगळी लिहिलेली येते. तेव्हा यादीतली ती ओळ खोडा आणि सूचनेतली मूळ ओळही नव्या ड्रॉइंगप्रमाणे बदला, नाहीतर ऑपरेटर जी ओळ शोधतोय ती त्याच्या शीटवर सापडणार नाही.